बाबांच्या निवृत्तीचं कॅप्शन: 'निष्कलंक' लिहू की नको?

पत्र

ताई, माझे बाबा लातूर जिल्ह्यात मंडळ अधिकारी आहेत. सप्टेंबर १९९२ मध्ये तलाठी म्हणून लागले, २०१७ मध्ये मंडळ अधिकारी झाले. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावली, म्हणून ते ३१ मे २०२६ ला निवृत्त होतायत. त्या दिवशी रविवार आहे, म्हणून निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारी २९ ला तहसीलमध्येच. मी पुण्यात नोकरी करते. धाकटा भाऊ म्हणतो, स्टेटसला आणि फेसबुकला टाकायचं ते तूच लिही. मी असं लिहिलंय:

'३४ वर्षांची निष्कलंक, निःस्वार्थ शासकीय सेवा! किल्लारी भूकंपापासून प्रत्येक संकटात जनतेच्या पाठीशी उभे राहिलेले, स्वतःच्या कुटुंबाला वेळ न देता समाजालाच कुटुंब मानणारे आमचे बाबा. सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा!'

मी सातवीत असताना बाबा सात महिने निलंबित होते. पुढं चौकशीत काहीच निघालं नाही, पण चुलत्यांच्या घरात अजून तो विषय निघतो. 'निष्कलंक' लिहिलं तर कुणीतरी खाली काही बोलेल. नाही लिहिलं तर मीच मान्य केल्यासारखं होईल. आणि 'कुटुंबाला वेळ न देता' हे खरं आहे, त्याचा मला अजून राग आहे. मार्च २०१४ मध्ये माझी दहावीची परीक्षा होती, तेव्हाच गारपीट झाली. बाबा एकाही पेपरला सोडायला आले नाहीत. रात्री यायचे ते याद्यांचा गठ्ठा घेऊन, आणि मलाच गट नंबर वाचायला बसवायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आई भाकरी झाकून ठेवून वाट बघत बसायची. हे सगळं चार ओळींत कसं बसवू?

— भाऊसाहेबांची लेक

उत्तर

लेकी, मी स्वतः तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून काम केलंय. अक्षर बरं आणि भाषा बरी, म्हणून कुणी निवृत्त होणार असलं की मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं यायचं. तुझ्या मसुद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी लिहिलेला आहे. 'निष्कलंक', 'निःस्वार्थ', 'जनतेच्या पाठीशी'. कोतवालाच्या मानपत्रात लिहिले, नायब तहसीलदारांच्या मानपत्रात लिहिले, आणि नाव बदललं की तोच कागद पुढच्याला चालायचा. तिथं ते चुकीचं नसतं. कार्यालय माणसाला निरोप देतं तेव्हा ते खातं म्हणून बोलतं, आणि खात्याची भाषा तशीच असते.

'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा' ही ओळ मात्र चौकातल्या फ्लेक्सवरची आहे. तिच्याखाली 'शुभेच्छुक: मित्रमंडळ' असं लिहिलं की ती पुरी होते. एका घरात राहून, एका ताटात जेवून वाढलेली लेक बापाला हार्दिक शुभेच्छा देते हे वाचताना खटकतं, आणि मला वाटतं तुलाही लिहिताना खटकलं असणार, म्हणूनच तू पत्र लिहिलंस. तुझ्या मसुद्यात खातं बोलतंय, मित्रमंडळ बोलतंय, तू कुठंच बोलत नाहीस. मानपत्र शुक्रवारी तहसीलमध्ये कुणीतरी वाचणारच आहे. फ्लेक्स भाऊ लावेलच. तुझ्या चार ओळींवर ती दोन्ही कामं टाकू नकोस.

आता 'निष्कलंक'. तू धरून चालली आहेस की हा शब्द लिहिणं म्हणजे बाबांची बाजू घेणं आणि न लिहिणं म्हणजे ती सोडणं. मला तसं वाटत नाही. डाग नाही असं सांगायला गेलं की डागाचा विषय आपणच काढतो. एरवी ज्याच्या मनात काही नव्हतं तोही क्षणभर थांबतो. तू शिक्षकाच्या किंवा नर्सच्या निरोपात हा शब्द फारसा बघणार नाहीस. महसूल आणि पोलीस खात्यातच तो जास्त दिसतो, कारण लोकांच्या मनात काय असतं ते आम्हाला ठाऊक असतं आणि आम्ही आधीच उत्तर देऊन ठेवतो. लेकीनं असं आधीच उत्तर का द्यावं?

निलंबनाबद्दल मात्र तुला नीट माहिती असायला हवी, चुलत्यांसाठी नाही, तुझ्या स्वतःसाठी. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ चे आहेत, आणि त्यात निलंबन ही शिक्षा धरलेली नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून बाजूला ठेवणं एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो. सातवीत असताना घरातला किराणा कमी झालेला तुला आठवत असेल तर तो त्यामुळं. चौकशीत काही सिद्ध झालं नाही आणि माणूस पूर्णपणे निर्दोष ठरला, की ते महिने कर्तव्य कालावधी म्हणून धरण्याचा आदेश होतो आणि राहिलेला पगार मिळतो. बाबांच्या सेवापुस्तकात तशी नोंद असेल. तलाठ्याच्या वाट्याला हे येण्याची कारणंही पुष्कळ असतात. जमिनीच्या मालकीच्या फेरफाराला दोन बाजू असतात, आणि नोंद धरली तर एक भाऊ तक्रार करतो, न धरली तर दुसरा. पुढं कधी बाबांची इच्छा असेल तर त्यांच्यासोबत बसून ते पान वाच. स्टेटसवर त्याचं काही नको. समजा कुणी खाली खोचक लिहिलंच, तर उत्तर देऊ नकोस, ती टिप्पणी तेवढी काढून टाक. निरोपाच्या दिवशी बापाच्या फोटोखाली चौकशीचा निकाल मांडत बसायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

किल्लारीचा उल्लेखही मी काढायला सांगणार आहे, आणि तिथं माझं कारण वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, आणि चारच्या सुमाराला औसा आणि उमरगा भागातली गावंच्या गावं खाली आली. बाबांच्या नोकरीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पंचविशीतला तलाठी. त्या दिवसांत महसूलच्या माणसांना काय करावं लागलं ते मी जवळून ऐकलंय. गाव नमुन्यात ज्यांची नावं होती त्यातलं कोण राहिलं, कोण गेलं, याच्या याद्या करायच्या. पुढं कितीतरी महिने वारसाच्या नोंदी, आणि काही घरांत वारस लावायलाही कुणी उरलेलं नाही.

तू लिहितेस 'किल्लारी भूकंपापासून', पण किल्लारीचं बाबांनी तुला काय सांगितलं ते पत्रात एक अक्षर नाही. म्हणजे बहुतेक त्यांनी सांगितलेलं नाही. त्या वेळी काम केलेली बरीच माणसं बोलत नाहीत, हे मी पाहिलंय. ज्या गोष्टीबद्दल माणूस तीस वर्षं गप्प आहे, ती आपण त्याच्या फोटोखाली मोठेपणा म्हणून लावायची नाही. आधी विचार. त्यांनी सांगितलं आणि लिही म्हणाले, तर तो वेगळा लेख होईल. दोन शब्दांत उरकायची ती गोष्ट नाही.

मग उरतं काय? तुझ्या पत्राच्या शेवटी जे आहे ते. तू ते रागानं लिहिलंस, तक्रार म्हणून. मी तीन वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की हिचं कॅप्शन इथं आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारांनी रब्बी झोडपली. हातातोंडाशी आलेली ज्वारी काळी पडली, हरभरा आणि गहू आडवे झाले, द्राक्षबागा गेल्या. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून प्रत्येक गटात जायचे आणि पंचनामा करायचे. मदत मिळायला तेव्हा नुकसान ५० टक्क्यांच्या वर असावं लागायचं. ती अट ३३ टक्क्यांवर आली ती पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये. म्हणजे तुझे बाबा रोज कुणाच्या तरी बांधावर उभे राहून 'हे पन्नासच्या वर आहे की खाली' हे ठरवत होते. समोरचा माणूस हात जोडून उभा, शेजारच्या गटाला मिळालं आणि मला का नाही असं विचारणारा. एका तलाठ्याच्या सजात चार-पाच गावं. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी यायचा आणि मग यादी पक्की करायची. गट नंबर, खातेदाराचं नाव, पीक, बाधित क्षेत्र. ही यादी तहसीलला गेली की तिच्यावरून पैसे बँकेत जातात. एक हेक्टर वीस आरचं दोन हेक्टर दहा आर झालं, किंवा गट ११४ च्या ठिकाणी १४१ पडला, की एका घरचे पैसे दुसऱ्या घरी.

म्हणून ती वाचून घ्यायची असते. एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं उतरवलेल्यावर बोट ठेवून खूण करायची. याला कार्यालयात 'रुजवात' म्हणतात. कोणतीही नक्कल तयार झाली की तिच्या खाली लिहिलेलं असतं: नक्कल करणार अमुक, रुजवात घेणार तमुक, आणि दोघांच्या सह्या. नोकरीत मी हे रोज केलं, आणि त्यातली एक गोष्ट तुला सांगते. रुजवातीला कुणालाही बसवत नाहीत. ज्याचं वाचन नीट आहे, जो कंटाळून एक ओळ गाळणार नाही, अशाच माणसाला बसवतात. त्या मार्चमध्ये तुझ्या बाबांनी शेकडो शेतकऱ्यांच्या पैशांची रुजवात पंधरा-सोळा वर्षांच्या लेकीबरोबर केली, तिच्या दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत.

ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मुलीची परीक्षा होती, तिला झोप हवी होती, पेपरला सोडायला बाप हवा होता. तुझा राग खरा आहे आणि तो काढून टाक असं सांगायचा मला अधिकार नाही. पण 'कुटुंबाला वेळ न देता समाजालाच कुटुंब मानणारे' या ओळीत तुझा रागही आलेला नाही आणि त्या रात्रीही आलेल्या नाहीत. ही ओळ आईनं वाचली तर तिला काय वाटेल तेही बघ. बदली झाली की नवीन गावात खोली शोधणं, तुमच्या शाळेचे दाखले काढणं, गॅसचं कार्ड बदलून घेणं हे तिनं केलं. तीच कुटुंब होती आणि तिला वेळ मिळाला नाही, हे जगाला कौतुक म्हणून सांगायचं? आणि बाबा ती ओळ वाचून गप्प बसतील, पण त्यांना ती टोचेल. कौतुकाच्या कापडात गुंडाळलेली तक्रार माणसाला लगेच कळते.

म्हणून मी असं करून बघितलं. तुझ्याच पत्रातली वाक्यं घेतली, विशेषणं सगळी काढली, आणि पाया म्हणून एकच प्रसंग ठेवला:

'मार्च २०१४. शिवारात गारपीट आणि माझी दहावीची परीक्षा.
बाबा रात्री पंचनाम्याच्या याद्या घेऊन घरी यायचे. मी गट नंबर आणि क्षेत्र वाचायचे, ते एकेका ओळीवर खूण करायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आई भाकरी झाकून वाट बघायची.
सप्टेंबर १९९२ ते मे २०२६. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी.
बाबा आज निवृत्त झाले.'

बघ, यात 'प्रामाणिक' हा शब्द नाही. पण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणारा माणूस कसा असेल ते वाचणाऱ्याला कळतं. चुलत्यांच्या घरातही कळेल, आणि या वाक्यावर वाद घालायला जागा नाही, कारण हा दाखला नाही, तू बघितलेली गोष्ट आहे. तुझा रागसुद्धा यात आहे. 'माझी दहावीची परीक्षा' हे तीन शब्द ज्यांना वाचायचे त्यांना बरोबर वाचता येतील. आणि आई यात आहे, 'खंबीर साथ' म्हणून नव्हे, भाकरी झाकून बसलेली.

शेवटची ओळ मी कोरडी ठेवली आहे. तिथं तुला बाबांशी एक वाक्य बोलायचं असेल तर ते तुझं तू घाल. फक्त संबोधन तुमच्या घरात जसं आहे तसंच ठेव. पत्रावरून तू त्यांना अहो-जाहो करत असावीस असं वाटतं. कॅप्शन गोड व्हावं म्हणून अचानक 'बाबा, तू' केलंस तर घरातल्यांना ते परकं वाटेल. आणि पहिली ओळ बदललीस तरी ती अशीच ठोस ठेव. फेसबुकवर पहिल्या काही ओळीच उघड्या दिसतात, बाकीचं दाबल्यावर. तिथं 'आज शब्द अपुरे पडत आहेत' असं काही असलं तर पुढं कुणी जात नाही.

आता काही हिशेबाच्या गोष्टी, कारण वाचणाऱ्यांत बाबांचे सहकारी असतील आणि महसूलची माणसं आकडा आधी बघतात. सप्टेंबर १९९२ ते मे २०२६ म्हणजे ३३ वर्षं आणि आठ-नऊ महिने. ३४ नाही. म्हणून मी वर्षं मोजलीच नाहीत, फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा महिना लिहिला.

टाकायचं कधी, तेही बघ. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आपल्याकडं गुरुजींनी लावलेल्या १ जूनमुळं ३१ मेला तहसीलच्या तहसील रिकाम्या होतात, हे तू बघितलं असशीलच. शुक्रवारी सत्कार झाला, फेटा बांधला, शाल-श्रीफळ झालं तरी बाबा त्या दिवशी निवृत्त झालेले नाहीत. आदेशात तारखेपुढं 'म.नं.' असतं, म्हणजे मध्यान्हानंतर. ३१ तारखेच्या दुपारनंतर. मे महिन्याचा शेवट आहे. शनिवारी कुठं वीज पडून जनावर दगावलं तर पंचनाम्यासाठी फोन त्यांनाच येऊ शकतो. शुक्रवारी सत्काराचे फोटो भाऊ टाकू दे. तुझ्या ओळी रविवारी संध्याकाळी जाऊ दे. मग 'आज' हा शब्द खरा ठरेल. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं, म्हणजे ते सोमवारी संध्याकाळपर्यंत राहील. सोमवारी सकाळी बाबा पहिल्यांदा कुठंच जाणार नाहीत तेव्हा ते तिथं असेल.

फोटो शक्यतो सत्काराचा नको. त्यात पन्नास चेहरे असतात आणि बाबांचं तोंड हारात बुडालेलं असतं. घरात बसून चष्मा लावून काही लिहितानाचा एखादा जुना फोटो शोध. मात्र फोटोत एखादी यादी किंवा अर्ज उघडा असेल तर तेवढा भाग झाक, त्यावर लोकांचे आधार आणि खाते क्रमांक असतात. आणि निवृत्तीचा आदेश कौतुकानं टाकू नका. हल्ली बरेच जण टाकतात. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, कार्यालय, सगळं असतं. नव्यानं निवृत्त झालेल्या माणसाला 'कोषागारातून बोलतोय, पेन्शन चालू करायची आहे, ओटीपी सांगा' असे फोन येतात, आणि नेमकी माहिती आपणच दिलेली असते. बाबांना आधीच सांगून ठेव की कोषागार किंवा बँक ओटीपी मागत नाही. उपदानाची म्हणजे ग्रॅच्युइटीची रक्कम किती येणार हे तर नातेवाइकांच्या ग्रुपवरही नको.

हे वाचणाऱ्या आणखी काही लेकींना वाटेल, आमच्या घरी गारपिटीच्या याद्या नव्हत्या, आम्ही काय लिहू? प्रत्येक नोकरीचा काही भाग घरी येत असतो, तो आठवा. जायकवाडीच्या कालव्यावर काम केलेल्या बापाला पाणीपाळी चालू असताना रात्री-अपरात्री हाका यायच्या, चारीवर भांडण लागलं म्हणून. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या घरी जूनमध्ये पटाची चिंता असायची, शाळेत न येणाऱ्या पोराच्या घरी संध्याकाळची चक्कर असायची. आरोग्य सेवकाच्या पिशवीत तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या असायच्या आणि 'हात लावू नको' हे वाक्य असायचं.

आठवत नसेल तर विचारा, पण 'बाबा, कसं वाटतंय?' असं नका विचारू. त्याचं उत्तर 'काय वाटायचंय' एवढंच येतं. कामाचं विचारलं की ही माणसं बोलतात. पहिला सजा कोणता मिळाला? तिथं किती गावं होती? राहायला खोली कुणी दिली? पहिला फेरफार कशाचा धरला? जुनी माणसं तुम्हाला काय म्हणायची? लेकी, तुझ्या बाबांना हे शेवटचं नक्की विचार. निजामाच्या काळापासून आपल्याकडं तलाठ्याला पटवारी आणि मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर म्हणायचे, आणि म्हातारी माणसं अजून 'गिरदावर साहेब आले' असं म्हणतात. बाबांना तसं कुणी म्हणत असेल तर 'मंडळ अधिकारी'च्या जागी तो शब्द चांगला दिसेल. गावात तो लगेच कळेल, आणि पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणींना कळला नाही तर त्या विचारतील. तारखा मात्र बाबांपेक्षा आईला जास्त पाठ असतात. ती बदल्या सालानं सांगत नाही, 'तू चालायला लागलीस तेव्हा' अशा सांगते. दोघांचं लिहून घे आणि सेवापुस्तकाच्या प्रतीशी ताडून बघ.

राहिला तुझा राग. तो स्टेटसवर जसा नको तसा मनातही कुजवत ठेवू नकोस. शनिवारी तू घरी असशीलच. दहावीच्या पेपरला तुम्ही आला नाहीत, मला वाईट वाटलं होतं, एवढं एक वाक्य त्यांच्यापुढं बोल. बारा वर्षांनी बोललीस तरी चालेल. उत्तर काय येईल सांगता येत नाही. कदाचित ते म्हणतील, आता काय त्याचं. कदाचित त्यांना तुझा कोणत्या दिवशी कोणता पेपर होता ते आठवत असेल. काहीही म्हणाले तरी कॅप्शन त्यानंतरच पक्कं कर, कारण त्या बोलण्यातून एखादी ओळ बदलावीशी वाटेल.

आणि रविवारी टाकण्याआधी त्याची रुजवात घे. दुपारची जेवणं झाली की कागदावर उतरवून त्यांच्या हातात दे आणि तू मोबाइलवरून मोठ्यानं वाच. गारपीट फेब्रुवारीतच सुरू झाली होती म्हणतील, किंवा तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्या मध्ये सहा महिने तहसीलला होतो ते राहिलं म्हणतील. म्हणतील ते दुरुस्त कर, आणि पुन्हा पहिल्यापासून वाच.